धागा: पर्याय जवळचे झाले की स्पर्धा वाढते, मग कूर्नोच्या गणितात उत्पादन घटतं कसं?

मृण्मयी_अ

एम.ए. अर्थशास्त्राचं दुसरं वर्ष चालू आहे. अल्पाधिकाराच्या प्रकरणात एका ठिकाणी अडले आहे, जाणकारांनी मदत करावी.

दोन उत्पादक आहेत. दोघंही आधी किती माल काढायचा ते ठरवतात आणि मग बाजारात जो भाव मिळेल तो घेतात. माल अगदी सारखा नाही, पण एकमेकांना पर्याय आहे. आकडे सोपे घेतले आहेत: प्रत्येक नगाचा खर्च ३०० रुपये, आणि मागणी अशी:

```
p1 = 900 - q1 - d*q2
p2 = 900 - q2 - d*q1
```

d शून्य असेल तर दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. d एक असेल तर गिऱ्हाइकाला दोन्ही माल सारखेच. प्रत्येकाने समोरच्याचं उत्पादन गृहीत धरून आपला नफा जास्तीत जास्त करायचा, त्यातून समतोल `q = 600/(2+d)` येतो. तीन ठिकाणी मोजलं.

d = 0 : प्रत्येकी ३०० नग, भाव ६००, नफा ९०,०००
d = 0.5 : प्रत्येकी २४० नग, भाव ५४०, नफा ५७,६००
d = 1 : प्रत्येकी २०० नग, भाव ५००, नफा ४०,०००

भाव आणि नफा कमी होणं पटतं. पण उत्पादनही कमी होतंय! एकूण ६०० वरून ४०० नगांवर आलं. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की पर्याय जितके जवळचे तितकी स्पर्धा तीव्र, म्हणून उत्पादन वाढतं आणि भाव उतरतो. दोन दिवस हेच घेऊन बसले आहे. आकडेमोड तर बरोबर वाटते. मग नोट्स चुकीच्या आहेत का?

रोखठोक

पर्याय पूर्ण सारखे झाले की दोघं एकमेकांच्या खाली भाव लावत जातात आणि भाव सीमांत खर्चाला येऊन टेकतो. तुमच्या उदाहरणात तो ३०० व्हायला हवा आणि नफा शून्य. तुमचा भाव ५०० वरच थांबतोय, म्हणजे कुठेतरी चूक आहे. भाव ३०० ला आला तर एकूण ६०० नग खपतील, ४०० नाही. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं.

उतरंड

मृण्मयी, आकडेमोड बिनचूक आहे.

रोखठोक, तुम्ही म्हणता ते एका वेगळ्या खेळात खरं आहे, जिथे दोघं उत्पादन नव्हे तर भाव ठरवतात. कूर्नोने १८३८ साली खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचं उदाहरण घेतलं, त्यात मालक किती पाणी विकायला काढायचं ते ठरवतात. १८८३ मध्ये बर्त्राँने त्यावर आक्षेप घेतला तो तुमचाच: समोरचा भाव पाडून सगळं गिऱ्हाईक ओढेल, मग भाव टिकेल कसा? पण मृण्मयीच्या खेळात भाव पाडून गिऱ्हाईक ओढण्याची सोय नाही, कारण समोरच्याचा माल आधीच तयार होऊन बाजारात आलेला आहे आणि तो खपणारच असं दोघंही धरून चालतात. म्हणून पूर्ण सारखा माल असूनही ५०० वर समतोल येतो आणि दोघांकडे ४०,००० उरतात.

दोन खेळांतला फरक पर्याय जवळ येतील तसा रुंदावत जातो. हीच मागणी घेऊन भाव ठरवण्याचा खेळ सोडवला तर d = 0.5 ला ५०० भाव येतो, म्हणजे मृण्मयीच्या ५४० पेक्षा ४० च रुपये कमी. d = 0.9 ला मात्र तो साधारण ३५५ वर उतरतो आणि उत्पादनाच्या खेळात अजून ५०७ च्या आसपास असतो.

आता मूळ प्रश्न. त्यात खरी गोम आहे आणि ती बऱ्याच नोट्समध्ये निसटते. d वाढवताना तुम्ही बाकी काय स्थिर ठेवलंत ते बघा. स्वतःच्या मालाचा उतार 1 हा तसाच राहिला. मग दोन्ही माल अगदी लागतच्या भावाला, ३०० ला, विकले तर किती खपतील? d शून्य असताना प्रत्येकी ६००, एकूण १२००. d एक असताना दोघांचे मिळून फक्त ६००. म्हणजे d वाढवताना तुम्ही दोन गोष्टी एकाच वेळी केल्यात: पर्याय जवळ आणले, आणि बाजार निम्म्यावर आणला. उत्पादन घटलं ते दुसऱ्या गोष्टीमुळे.

यात अस्वाभाविक काही नाही. दोन वेगळ्या चवीचे माल असतील तर गिऱ्हाईक दोन्ही थोडे थोडे घेतं. दोन्ही एकच झाले की दुसऱ्याचं वेगळं आकर्षण उरत नाही, एकूण खप कमी होतो. पण हा परिणाम विविधता गेल्याचा आहे. त्याला स्पर्धेच्या खात्यावर मांडता येत नाही.

मृण्मयी_अ

उतरंड सर, हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. पण मग स्पर्धेचा परिणाम वेगळा काढायचा कसा? दोन्ही एकाच अक्षरात अडकले आहेत.

उतरंड

दोन वाटा आहेत. त्यातली पहिली सोपी.

प्रत्येक d साठी विचारा, हे दोघं एक झाले असते, संगनमत करून दोघांचा मिळून नफा वाढवला असता, तर किती माल काढला असता? त्याचं उत्तर प्रत्येकी `600/(2+2d)`. d = 0 ला ३००, d = 0.5 ला २००, d = 1 ला १५०. भाव तिन्ही वेळा ६०० च. आता तुमचे आकडे याच्या शेजारी ठेवा. d = 0 ला ३०० विरुद्ध ३००. d = 0.5 ला २४० विरुद्ध २००. d = 1 ला २०० विरुद्ध १५०. संगनमताच्या तुलनेत दोघं शून्य टक्के, वीस टक्के, तेहतीस टक्के जास्त माल ओततात. स्पर्धा वाढतेय ती ही. बाजार आकसण्याचा परिणाम त्याहून मोठा असल्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो.

दुसरी वाट म्हणजे बाजाराचा आकार बांधून टाकायचा. स्वतःचा उतार b धरा. b आणि d यांची बेरीज कायम 2 ठेवा, म्हणजे दोघांनी सारखा माल काढला तर भाव किती येईल हे d वर अवलंबून राहणार नाही. समतोल `q = 600/(2b+d)`. आता तुम्हीच मोजा, तीन ठिकाणी: b = 2, d = 0; मग b = 4/3, d = 2/3; मग b = 1, d = 1. मधलं मुद्दाम निवडलंय, कारण तिथे d हा b च्या निम्मा आहे, तुमच्या मधल्या ओळीसारखाच.

तात्या_गणेश_कला

नमस्कार. मी मूर्तिकार आहे, अर्थशास्त्र शिकलेलो नाही, पण हा धागा वाचून थांबलो. आमच्या गावात दोनच मोठे कारखाने आहेत, एक माझा आणि एक शेजारच्या आळीतल्यांचा. माझं सगळं काम शाडूचं. त्यांचं प्लास्टरचं, साच्यातून काढलेलं, वजनाला हलकं. किती मूर्ती घडवायच्या हे आम्हाला चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी ठरवावं लागतं. शाडू वाळायला वेळ लागतो, रंगाला माणसं आयत्या वेळी मिळत नाहीत. चतुर्थीची सकाळ उलटली की उरलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नाही, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत जो भाव येईल त्याला द्यावं लागतं.

गेल्या वर्षापासून तेही शाडू करायला लागले. माझा प्रश्न असा की मी भाव किती कमी करावा?

उतरंड

तात्या, तुमचं उदाहरण मृण्मयीच्या गणिताला फार जवळचं आहे. आधी माल, मग भाव, आणि शेवटी उरलेलं ठेवता येत नाही. पण म्हणूनच या गणितात "भाव किती कमी करावा" हा प्रश्न उठत नाही. तुम्ही ठरवता ते मूर्तींची संख्या. भाव ती संख्या, समोरच्यांची संख्या आणि गिऱ्हाईक मिळून ठरवतात. तुमचा खरा प्रश्न "पुढच्या वर्षी किती घडवाव्या" हा आहे.

आणि त्यासाठी एक गोष्ट तुम्हालाच माहीत असू शकते, पुस्तकात ती सापडणार नाही. समजा तुम्ही यंदा पन्नास मूर्ती जास्त काढल्या तर तुमच्या मूर्तीचा भाव जितका उतरेल, त्याच्या तुलनेत त्यांनी पन्नास जास्त काढल्या तर तुमचा भाव किती उतरतो? निम्मा, की जवळजवळ तितकाच? हेच गुणोत्तर म्हणजे d भागिले b. ते प्लास्टर करत होते तेव्हा ते लहान असणार, आता वाढलं असणार.

तात्या_गणेश_कला

प्लास्टरच्या वेळी त्यांनी कितीही काढल्या तरी माझ्या घरगुती गिऱ्हाइकाला फरक पडायचा नाही. ज्याला शाडू हवी तो माझ्याकडेच यायचा. आता विचारतात, "तिकडे इतक्याला मिळते, तुम्ही का नाही देत?" मंडळांच्या मोठ्या मूर्तींचं वेगळं, त्या आधी ठरवूनच करतो, भावही आधीच ठरतो.

मृण्मयी_अ

मोजलं! बेरीज 2 धरून:

b = 2, d = 0 : प्रत्येकी १५० नग, भाव ६००, नफा ४५,०००
b = 4/3, d = 2/3 : प्रत्येकी १८० नग, भाव ५४०, नफा ४३,२००
b = 1, d = 1 : प्रत्येकी २०० नग, भाव ५००, नफा ४०,०००

उत्पादन वाढतंय, नोट्समध्ये लिहिल्यासारखं. आणि भाव तर माझ्या पहिल्या तिन्ही ओळींतलेच आले: ६००, ५४०, ५००. हा योगायोग आहे का?

उतरंड

योगायोग नाही. भाव वजा खर्च हा `600*b/(2b+d)` इतका येतो. वर आणि खाली b ने भागा, मग फक्त d/b हे गुणोत्तर उरतं, b आणि d स्वतंत्रपणे नाहीत. म्हणून भावाबद्दलचं विधान दोन्ही मांडण्यांत तसंच राहतं: माल वेगवेगळे असताना मक्तेदारीचा ६००, पूर्ण सारखे झाल्यावर ५००. उत्पादनाबद्दलचं विधान मात्र काय स्थिर ठेवलं त्यावर उलटंसुलटं होतं.

नफ्याकडेही बघा. पहिल्या मांडणीत ९०,००० वरून ४०,०००, म्हणजे निम्म्याहून जास्त गेला. दुसरीत ४५,००० वरून ४०,०००. निष्कर्ष दोन्हींत एकच, नफा घटतो. पण पहिल्या मांडणीतल्या ५०,००० च्या घसरणीला कुणी "स्पर्धेचा फटका" म्हटलं तर ते फार फुगवलेलं आहे. त्यातला मोठा भाग बाजार आकसल्याचा आहे. परीक्षेत उत्तर लिहिताना आधी एक ओळ लिहा की स्वतःच्या मालाचा उतार स्थिर धरला आहे की एकूण बाजार. पहिली मांडणी सिंग आणि व्हिवेस यांच्या १९८४ च्या लेखामुळे जास्त वापरात आहे, म्हणून बहुतेक प्रश्न तिच्यावर येतात आणि तिथे "उत्पादन घटतं" हेच बरोबर उत्तर.

रोखठोक

मला अजून पटत नाही की भाव न लावता कुणी धंदा करतो. तात्यासुद्धा शेवटी भावच सांगतात गिऱ्हाइकाला. कुठल्याही दुकानात पाटी भावाची असते, संख्येची नाही.

उतरंड

पाटी भावाची असते हे खरं. पण पाटीवर कुठला आकडा टिकतो ते मागे किती माल पडला आहे त्यावर ठरतं. क्रेप्स आणि शाइनकमन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की दोघांनी आधी क्षमता बांधली आणि मग भावांची चढाओढ केली, तरी शेवट कूर्नोच्याच आकड्यांवर येऊ शकतो. मात्र त्यांचा निष्कर्ष एकसारख्या मालासाठी आहे, आणि माल संपल्यावर उरलेलं गिऱ्हाईक कोणत्या क्रमाने दुसऱ्याकडे जातं याबद्दलच्या एका खास गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक बदललं की निष्कर्ष डळमळतो. म्हणून तुमचा आक्षेप मी उडवून लावत नाही. तात्यांच्या मंडळाच्या मूर्ती, जिथे आधी भाव ठरतो आणि मग मूर्ती घडते, तिथे तुमचा बर्त्राँच जास्त लागू आहे. घरगुती मूर्तींना कूर्नो.

सानिका_पर्थ

इथे ऑस्ट्रेलियात पीएचडी करतेय, विषय जवळचा म्हणून लिहिते. बाजार बांधून ठेवणं "बरोबर" आणि उतार बांधून ठेवणं "फसवं" असा सूर येतोय, तो मला तितका मान्य नाही. तात्यांचंच घ्या. शेजारी प्लास्टर सोडून शाडूकडे आले तेव्हा प्लास्टरच्या मूर्ती घेणारी गिऱ्हाइकं कुठे गेली? काही शाडूकडे वळली असतील, काही दुसऱ्या गावी गेली असतील. तिथे बाजार खरंच आकसला आणि पहिली मांडणीच वस्तुस्थितीला जवळची आहे. उलट दोन वेगळ्या उद्योगांची तुलना करायची असेल, एकात माल जवळचे आणि दुसऱ्यात दूरचे, तर बाजार बांधलेला बरा, नाहीतर आपण आकाराचा फरक स्पर्धेच्या नावावर खपवू.

दुसरं म्हणजे आतापर्यंत दोघं अगदी सारखे धरले आहेत. मृण्मयी, पहिल्या मांडणीतच एकाची मागणी थोडी कमजोर कर. दुसऱ्याचं 900 च्या जागी 660 कर, म्हणजे खर्च वजा जाता एकाकडे ६०० आणि दुसऱ्याकडे ३६०. मग d = 0, d = 2/3 आणि d = 1 ला काय येतं ते इथे टाक. मला वाटतं तुला पुन्हा एकदा धक्का बसेल.

मृण्मयी_अ

सानिकाताई, केलं. प्रतिक्रिया वक्र `q1 = (600 - d*q2)/2` आणि `q2 = (360 - d*q1)/2`.

d = 0 : बळकट ३००, कमजोर १८०
d = 2/3 : बळकट २७०, कमजोर ९०
d = 1 : बळकट २८०, कमजोर ४०

b एक असल्यामुळे नफा म्हणजे उत्पादनाचा वर्ग. बळकटाचा ९०,००० वरून ७२,९०० आणि मग परत ७८,४००! कमजोराचा ३२,४०० वरून ८,१०० आणि मग १,६००. म्हणजे पर्याय आणखी जवळ आल्यावर एकाचा नफा वाढला. भावसुद्धा ५७० चा ५८० झाला. इथे बाजार तर आकसतच होता ना?

सानिका_पर्थ

हो, आकसत होता, तरीही. d थोडा वाढला की बळकटाचं थेट नुकसान समोरच्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात होतं. समोरचा ९० वर आला असेल तर ते नुकसान लहान. पण त्याच वेळी कमजोरावर बळकटाच्या २७० चा भार वाढतो, म्हणून तो झपाट्याने माघार घेतो आणि मोकळी झालेली जागा बळकटाला मिळते. या आकड्यांत d = 2/3 हाच तो वळणाचा बिंदू आहे. त्याच्या अलीकडे बळकटही घटतो, पलीकडे वाढतो. "पर्याय जवळ आले की दोघांचा नफा घटतो" हे विधान दोघं तुल्यबळ असतानाचं आहे.

उतरंड

सानिकाची पुस्ती महत्त्वाची आहे, आणि प्लास्टरवाल्या गिऱ्हाइकाचा मुद्दाही मला मान्य. फक्त एक राहतं. शेजारी शाडूकडे आले तेव्हा त्यांच्या मागणीचं वरचं टोकही बदललं असणार, 900 तसाच राहिला असं का धरायचं? तेवढं ठरवल्याशिवाय तात्यांच्या गावात बाजार आकसला की वाढला हे मी सांगू शकणार नाही.

तात्या_गणेश_कला

मला यातलं सगळं कळलं नाही, पण बळकट आणि कमजोर हे कळलं. माझ्या शाडूला गावात पन्नास वर्षांचं नाव आहे, त्यांचं हे दुसरं वर्ष. त्यांची मूर्ती अजून माझ्यापेक्षा कमी भावाला जाते. मग मी संख्या कमी करायची का तशीच ठेवायची?

सानिका_पर्थ

तात्या, त्यांच्या मूर्तीला तुमच्यापेक्षा किती कमी मिळतात आणि त्यांचा एका मूर्तीचा खर्च अंदाजे किती, हे दोन आकडे आधी हवेत. आणि ते दरवर्षी जवळ येत असतील तर एकाच वर्षाचा आकडा पुरणार नाही. गेल्या वर्षी त्यांनी किती घडवल्या आणि शेवटच्या दोन दिवसांत किती उरल्या, हे तुम्हाला कळू शकेल का? वरच्या तिसऱ्या ओळीत कमजोराकडे फक्त १,६०० उरतात. त्यांच्या जागेचं भाडं त्याहून जास्त असेल तर ते उठून जातील, मग तुमचा आकडा २८० चा थेट ३०० होतो. पण ते भाडं न देता घरच्या पडवीत काम करत असतील तर ते टिकतील.

तात्या_गणेश_कला

घरच्याच पडवीत करतात. संख्या विचारून बघतो, त्यांचा रंगारी माझ्याकडेही येतो.